तिऱ्हाईत कोणी आणला?

कुणी ऑनलाइन फसला अशी बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्यं तयारच असतात. पहिलं, "हाव नडली." दुसरं, "एवढा शिकलेला, तरी कळलं नाही?" ही वाक्यं म्हणणाऱ्याला स्वस्तात शहाणं झाल्याचं समाधान मिळतं, म्हणून ती इतकी लोकप्रिय असावीत. पण फसवणुकीचा एक प्रकार असा आहे की तिथे ही दोन्ही वाक्यं साफ चुकतात. त्यात हावरा माणूस सापडत नाही, सावध माणूस सापडतो. "अनोळखी माणसाला थेट पैसे देऊ नकोस, मध्ये कुणीतरी भरवशाचा असू दे" हा उपदेश ज्याने मनापासून ऐकला आहे, नेमका त्याच्यासाठीच हा सापळा लावलेला असतो. म्हणून आज थोडं त्याविषयी.

प्रकार असा. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर तुम्हाला एक गाडी दिसते, किंवा कॅमेरा, किंवा पियानो. विकणारा दूरच्या गावचा. तुमच्या मनात शंका येते की पैसे आधी दिले आणि वस्तू आलीच नाही तर? ही शंका तुम्ही बोलून दाखवण्याआधी तोच बोलून दाखवतो. म्हणतो, "तुमची काळजी रास्त आहे. मलाही मागे एकदा वाईट अनुभव आला आहे. आपण एस्क्रोमधून व्यवहार करू." आणि तो तुम्हाला एक पत्ता पाठवतो.

एस्क्रो हा शब्द आपल्याला नवा वाटतो, पण त्यामागची कल्पना मुळीच नवी नाही. जुन्या फ्रेंचमध्ये कातड्याच्या तुकड्याला, गुंडाळीला जो शब्द होता त्यावरून तो आला. इंग्रजीतला स्क्रोल हा त्याचा भाऊबंद. जमिनीचा दस्त लिहून तयार व्हायचा, पण तो घेणाऱ्याच्या हातात न देता तिसऱ्याच माणसाकडे ठेवायचा. ठरलेली अट पुरी झाली, म्हणजे पैसे पोचले, की त्या तिसऱ्याने तो दस्त सोडायचा. आपल्या गावांतही विसाराची रक्कम दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवण्याची चाल होतीच. आजची एस्क्रो सेवाही तेच करते. दोघे अटी ठरवतात, घेणारा सेवेकडे पैसे भरतो, पैसे जमा झाल्याचं कळल्यावर देणारा माल पाठवतो, घेणारा ठरलेल्या दिवसांत माल तपासून होकार देतो, आणि मग सेवा ते पैसे देणाऱ्याला सोडते. 1999 पासून चालू असलेली Escrow.com ही अमेरिकन कंपनी हेच काम करते आणि त्यासाठी कॅलिफोर्निया राज्याचा परवाना बाळगते. आपल्याकडे 2016 च्या रेरा कायद्याने फ्लॅट घेणाऱ्यांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायला बिल्डरला भाग पाडलं, त्यामागचा विचारही याच घराण्यातला.

आता या सगळ्या रचनेचं बळ कशात आहे? संकेतस्थळ चकचकीत असण्यात नाही. मधला माणूस तिऱ्हाईत असण्यात आहे. तो देणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, म्हणून दोघांचा. हा एक खांब काढून घेतला की उरलेली इमारत म्हणजे रंगवलेला पडदा. खोट्या एस्क्रोमध्ये हेच होतं. विकणारा आणि मध्यस्थ हा एकच माणूस असतो, किंवा शेजारी बसलेले दोघे. तुम्ही सुरक्षिततेसाठी म्हणून मध्ये जो दरवाजा बसवून घेता, त्याची किल्ली चोराच्याच खिशात असते.

हे मला नुसतं वाचून कळलेलं नाही. माझा एक भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या आपल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती आहे, हे तुम्हाला सांगायला नको. गोदामातली नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी सामान पोचवायचं काम करावं, म्हणून त्याला जुनी व्हॅन हवी होती. 2025 च्या फेब्रुवारीत त्याला एक जाहिरात दिसली. तशा व्हॅन साधारण साडेसहा हजार पौंडांना जात होत्या, ही 4,200 पौंडांना होती. विकणाऱ्या बाईने लिहिलं होतं की नवरा वारला, व्हॅन त्याची, आणि ती स्वतः आता उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मुलीकडे राहायला गेली आहे, म्हणून लवकर विकायची आहे.

भाच्याने काय काय तपासलं ते मी मुद्दाम सांगतो, कारण 'हाव नडली' म्हणणाऱ्यांनी ते ऐकायला हवं. ब्रिटनमध्ये गाडीचा नोंदणी क्रमांक टाकला की तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्याने तो पाहिला. मॉडेल, रंग, वर्ष सगळं जुळलं, मैलांचा आकडाही पटण्यासारखा होता. किंमत कमी का असं त्याने विचारलं, तर उत्तर पटण्यासारखं मिळालं. "मी येऊन बघू का?" असंही विचारलं. बाई म्हणाली, "जरूर या." पण स्विंडनहून ऑर्कनी म्हणजे सगळा देश ओलांडून वर बोटीचा प्रवास, दोन दिवसांची रजा. मग तिनेच तोडगा काढला. एका नावाजलेल्या कुरिअर कंपनीचा वाहन विभाग आहे म्हणे, तो पैसे स्वतःकडे ठेवतो, गाडी दारात आणून देतो आणि तपासायला पाच दिवस देतो. नाही आवडली तर पैसे परत. सेवेचा खर्चही बाईच करणार.

संकेतस्थळ उघडल्यावर त्याला दिसलं ते असं: कुरिअर कंपनीची खूण, व्हॅनचे तेच फोटो, त्याच्या नावाचा व्यवहार क्रमांक, कोपऱ्यात तत्पर बोलणारा मदतनीस, तळाला कंपनी नोंदणी क्रमांक आणि वित्तीय नियामकाकडची नोंद. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्रसुद्धा. बिल आलं. खात्याचं नाव एका व्यक्तीचं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अधिकृत एस्क्रो अधिकारी'. ब्रिटनमध्ये पैसे पाठवताना बँक खात्याचं नाव जुळतं का ते सांगते. बँकेने सांगितलं, जुळतं. जुळणारच! बिलावर ज्या माणसाचं नाव होतं त्याचंच ते खातं होतं. भाच्याने गुरुवारी संध्याकाळी 4,200 पौंड भरले.

शनिवारी त्या संकेतस्थळावर गाडी ऑर्कनीहून निघून इन्व्हर्नेसला पोचल्याचं दिसलं. रविवारी निरोप आला की प्रवासाचा विमा भरलेला नाही, 680 पौंड लगेच भरा, गाडी मिळाल्यावर ते परत होतील, न भरल्यास गाडी मागे जाईल आणि गोदामाचं भाडं तुमच्या माथी. तेव्हा कुठे त्याने मला अकरा फोटो पाठवले आणि लिहिलं, "मामा, हें मातशें पळयात."

मी काही संगणकातला तज्ज्ञ नव्हे. कलाशाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत कारकून. पण वीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला एक सवय लागते, आणि या कामी तीच उपयोगी पडली. कुणी दाखला आणून दिला की तो खरा आहे का हे आम्ही त्या दाखल्यावर छापलेल्या नंबरावर फोन करून विचारत नाही. दाखला खोटा असेल तर त्यावरचा नंबरही खोटाच असणार, आणि पलीकडचा माणूस "हो हो, खरा आहे" असंच म्हणणार. आम्ही दाखल्यावरचा क्रमांक आणि तारीख घेतो आणि तो दाखला ज्या कचेरीने दिला असेल तिच्या रजिस्टरात शोधतो. तिथे जायचा रस्ता आमचा आम्ही काढतो, अर्जदाराने दाखवलेला धरत नाही. कागद कागदाची साक्ष देऊ शकत नाही, हा कारकुनीचा पहिला धडा.

हाच धडा घेऊन ते अकरा फोटो पाहिले. आधी पत्ता. संकेतस्थळाचा मालक कोण हे पत्त्याच्या सुरुवातीवरून कळत नाही. पहिली एकेरी तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधीचा तुकडा पाहायचा असतो. समजा पत्ता असा आहे:

```
https://www.escrow.com.surakshit.example/pay
```

घाईत पाहणाऱ्याला यात Escrow.com दिसतं. प्रत्यक्षात हे घर `surakshit.example` याचं आहे, आणि पुढचं सगळं त्याने आपल्या दारावर लावलेली पाटी. आपल्या दारावर कुणीही 'मामलेदार कचेरी' अशी पाटी लावू शकतो, त्यातलाच प्रकार. भाच्याच्या बाबतीत कुरिअर कंपनीचं नाव असंच पुढे लावलेलं होतं आणि खरं घर कुठल्यातरी भलत्याच नावाचं होतं. ते नाव `lookup.icann.org` या ठिकाणी टाकलं, तेव्हा त्याची नोंदणी अवघ्या एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली. वर्षानुवर्षं गाड्या पोचवणाऱ्या कंपनीचा पत्ता एकोणीस दिवसांचा! तिथली नोंदणीची तारीख अर्जदाराला खोडता येत नाही, म्हणून तिला साक्षीचं मोल आहे.

मग तळाला दिलेली नोंद. ब्रिटनमध्ये लोकांचे पैसे असे मध्ये धरून ठेवण्याचा धंदा करणाऱ्याला साधारणपणे तिथल्या वित्तीय नियामकाकडे नाव घालावं लागतं, आणि ती यादी कुणालाही पाहता येते. क्रमांक टाकला तर नोंद सापडली. इथेच पुष्कळ लोक "चला, खरी आहे" म्हणून सुस्कारा सोडतात. पण सापडलेली नोंद मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच, खऱ्या कंपनीची होती. पत्ता वेगळा, फोन वेगळा. सोमवारी भाच्याने त्या यादीतल्या फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की असा विभाग आमचा नाही. ठगांनी क्रमांक उचलला होता, जसा गाडीचा नोंदणी क्रमांक आणि फोटो कुठल्यातरी जुन्या, खऱ्या जाहिरातीतून उचलले होते. आता कळलं ना, तपासणीचा इतिहास का जुळला? व्हॅन खरीच होती. फक्त ती त्या बाईची नव्हती, आणि बहुधा बाईही बाई नव्हती.

आणि शेवटचं, सगळ्यात ढळढळीत. जी संस्था दुसऱ्यांचे पैसे विश्वस्त म्हणून सांभाळते तिचं खातं एका इसमाच्या नावावर कसं असेल? आमच्या कचेरीत चलनाचे पैसे कुणी अव्वल कारकुनाच्या बचत खात्यात भरायला सांगितले तर तुम्ही भराल का? हे खातं बहुतेकदा कुणा गरजू मुलाचं असतं. थोड्या पैशांसाठी त्याने ते वापरायला दिलेलं असतं, आणि पोलीस सर्वांत आधी त्याच्याच दारात येतात.

आता माझा खरा मुद्दा. अशा फसवणुकीवर जे लेख येतात त्यांत खुणांची यादी असते. शुद्धलेखनाच्या चुका बघा, कुलपाचं चित्र आहे का बघा, फोन नंबर आहे का बघा. मला ही यादी कमी उपयोगाची वाटते, आणि कधी कधी तर घातक. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मध्ये कुणी डोकावू शकत नाही. पलीकडे बसलेला चोर आहे की साव, हे कुलूप सांगत नाही, आणि ते चोरालाही फुकट मिळतं. शुद्धलेखन सुधारायला आता काहीच कष्ट पडत नाहीत. फोन नंबर तर असतोच, उचलणारा माणूसही असतो. यादीतली प्रत्येक खूण ठगही वाचतो आणि पुढच्या वेळी दुरुस्त करतो. मग यादी वाचून निर्धास्त झालेला माणूस अधिकच पक्का सापडतो.

हे फोन उचलणारे लोक म्हणजे कल्पना नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने केंटकी राज्यात एका मोठ्या टोळीवरचे आरोप जाहीर केले. टोळीचे बरेचसे लोक रुमानियात बसलेले. क्रेग्सलिस्ट आणि ईबे यांसारख्या ठिकाणी ते अस्तित्वातच नसलेल्या गाड्यांच्या जाहिराती टाकत. मी सैन्यात आहे, परदेशी जायचं आहे, म्हणून गाडी लवकर काढायची आहे, अशा गोष्टी रचत. नामांकित कंपन्यांच्या खुणा लावलेली बिलं पाठवत. आणि घेणाऱ्याला शंका आली तर तिचं निरसन करायला त्यांनी ग्राहक सेवेची सोंगं करणारी फोन केंद्रंही चालवली होती. आलेला पैसा आभासी चलनात बदलून युरोपात नेला जाई. किमान 900 अमेरिकन माणसं यात बुडाली, रक्कम 70 लाख डॉलरांच्या वर. त्या चलनाची अदलाबदल करून देणाऱ्या बल्गेरियातल्या धंदेवाल्याला 2021 च्या जानेवारीत दहा वर्षांची कैद झाली. म्हणजे तुम्ही शंका विचारता तेव्हा तुमची शंका त्यांच्या कामाचाच एक टप्पा असते. तिच्यासाठी त्यांनी माणूस नेमलेला असतो.

म्हणून मी यादी देत नाही. माझ्या मते प्रश्न एकच विचारावा: हा तिऱ्हाईत कोणी आणला? समोरच्याने आणला असेल तर तो तिऱ्हाईत नव्हे, तो समोरचाच आहे असं धरून चालावं, मग त्याचा मुखवटा कितीही भारदस्त असो. हा प्रश्न ठगाला दुरुस्त करता येत नाही. संकेतस्थळ कितीही सुधारलं तरी ते त्यानेच सुचवलेलं असतं, ही गोष्ट तो बदलू शकत नाही.

याच्यातूनच एक सोपी परीक्षा निघते. समोरच्याला नम्रपणे सांगा, "एस्क्रो चालेल, पण सेवा मी निवडेन." मग आपल्या देशातल्या नियामकाच्या यादीतून एक निवडा, पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करा, आणि व्यवहार तिथे तुम्ही उघडा. खरा विक्रेता एखाददुसरा प्रश्न विचारेल, खर्च कोण देणार यावर घासाघीस करेल आणि तयार होईल. ठग तयार होणार नाही. त्याला ती सेवा महाग वाटेल, हळू वाटेल, त्याच्या भावाला तिथे वाईट अनुभव आलेला असेल, आणि चोवीस तासांत दुसरं गिऱ्हाईक येणार असेल. कारण खऱ्या तिऱ्हाइताकडे जाऊन त्याला मिळण्यासारखं काहीच नसतं.

एक पुरवणी मात्र हवी. ठग कधी कधी "बरं, तुमचीच सेवा" म्हणतो आणि थोड्या वेळाने त्याच सेवेच्या नावाने तुम्हाला ईमेल येतो, 'पैसे इथे भरा' म्हणून. ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव हवं ते लिहिता येतं. तेव्हा ईमेलमधल्या दुव्यावर न जाता सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन आपल्या खात्यात तो व्यवहार आणि ती रक्कम दिसते का पाहावं. तिथे नसेल तर ईमेल रद्दी.

कुणी म्हणेल, खऱ्या एस्क्रोनेच मग सगळे प्रश्न सुटतात का? नाही. ती पैसे धरून ठेवते, गाडीची प्रकृती सांगत नाही. पाच दिवसांत तुम्ही मेकॅनिकला दाखवली नाही आणि सहाव्या दिवशी गिअरबॉक्स गेला तर तो तुमचाच. शिवाय तिचा खर्च असतो, लहान वस्तूला तो परवडत नाही. चार हजार पौंडांच्या व्हॅनसाठी जुना मार्गच बरा. गाडी जिथे उभी आहे तिथे जायचं, मालकी नोंदीचा कागद आणि विकणाऱ्याचं राहतं घर एकच आहे का पाहायचं, गाडी चालवून बघायची आणि जागेवर पैसे द्यायचे. जाता येत नसेल इतकी दूर असेल, तर ती आपल्या नशिबात नाही म्हणावं. जवळची पाचशे पौंडांनी महाग व्हॅन शेवटी स्वस्त पडते.

आता कुणाला वाटेल, मी तर विकणारा आहे, मला काय भीती? विकणाऱ्यालाही हाच खेळ उलटा खेळतात. घेणारा म्हणतो, पैसे एस्क्रोत भरले. तुम्हाला 'रक्कम जमा, माल पाठवा' असा सुंदर ईमेल येतो. तुम्ही आजोबांचा पायपेटी हार्मोनियम बांधून पाठवता आणि तो जातो तो जातोच. आपल्याकडचा प्रकार आणखी थेट आहे. घेणारा सांगतो की कुरिअरच्या सुरक्षित पेमेंटमध्ये पैसे ठेवले आहेत, ते मिळवायला या पानावर कार्डाचा तपशील भरा, किंवा हा कोड स्कॅन करून पिन टाका. हे पक्कं लक्षात ठेवा, यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून चालले. इथेही प्रश्न तोच: हे 'सुरक्षित पान' कोणी आणलं? आणि माल सोडण्यापूर्वी पैसे आपल्या बँकेच्या खात्यात आपण पाहिले का?

भाच्याचं पुढे काय झालं? मी त्याला एवढंच सांगितलं, आधी बँक, बाकी सगळं नंतर. आणि ठगाशी बोलणं बंद, शिव्यासुद्धा द्यायच्या नाहीत. ब्रिटनमध्ये 159 हा नंबर फिरवला की थेट आपल्या बँकेशी जोडून देतात. त्याने रविवारी रात्रीच फोन केला. 7 ऑक्टोबर 2024 पासून तिथे नियम आहे की अशा फसवणुकीत ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी बँकेने ते परत द्यायचे, कमाल 85,000 पौंडांपर्यंत, आणि तो भार पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेने अर्धा अर्धा उचलायचा. बँकेला शंभर पौंडांपर्यंत कापून घेता येतात. भाच्याला 4,100 परत मिळाले. पैसे देशातल्याच खात्यात साध्या बँक हस्तांतरणाने गेले होते म्हणून. परदेशी खात्यात किंवा आभासी चलनात भरले असते तर या नियमाचा उपयोग झाला नसता, आणि ठग तेच मागतात ते याचसाठी.

आपल्याकडे एवढं मोठं छत्र नाही. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होता. आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशांना त्याचा आधार मिळत नव्हता. आपल्याकडे आहे तो 1930 हा नंबर आणि `cybercrime.gov.in`. तिथे लवकर कळवलं तर पैसा पुढे सरकण्यापूर्वी खातं गोठवता येतं. तो एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात गेला की मग शोधणाऱ्याचेही हात टेकतात. म्हणजे इथे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा आहे.

आणि म्हणूनच त्या 'हाव नडली'वर माझा राग आहे. भाच्याने शनिवारीच मनात पाल चुकचुकली होती असं नंतर सांगितलं. कळवलं मात्र रविवारी रात्री. मधला दीड दिवस का गेला? "सगळे हसतील म्हणून." त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हे अजूनही ठाऊक नाही. तिथल्या नियमाने त्याला सांभाळून घेतलं. इथे म्हापशात किंवा फोंड्यात बसून एखाद्याने लाजेपायी दीड दिवस घालवला, तर तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. आपण उपहासाने जे दोन शब्द टाकतो, त्यांची किंमत पुढचा माणूस अशी तासांत मोजतो. तेव्हा घरातलं कुणी असं काही घेऊन आलं तर 'तू कसा फसलास' हे नंतर कधीतरी विचारा. आधी त्याच्या हातात फोन द्या.